कॉम्प्रेसर विकून झाला, आता पुढे? मोठ्या ग्राहकाचा तिमाही आढावा कसा घ्यावा

चाकण, भोसरी किंवा रांजणगावात स्क्रू कॉम्प्रेसर विकणाऱ्या कंपनीने तुमच्याकडे नुकतंच एखादं मोठं अकाउंट सोपवलं असेल, तर एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात दिसते. ग्राहकाकडे आपला माणूस तीनच प्रसंगी जातो. मशीन बंद पडलं की सर्व्हिसवाला, पेमेंट अडकलं की अकाउंट्सवाला, आणि मार्च जवळ आला की टार्गेट घेऊन सेल्सवाला. या तिघांपैकी कुणालाही पाहून मेंटेनन्स मॅनेजरला आनंद होत नाही. तिमाही आढावा ही चौथी भेट. ती नीट घेतली तर पुढची ऑर्डर वेगळी मागावी लागत नाही, कारण ती आढाव्याच्या आकड्यांतच दिसायला लागते.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलं आहे. चाकणमधला वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. तीन पाळ्या, गुरुवारी सुट्टी. त्यांच्याकडे 75 किलोवॅटचे दोन कॉम्प्रेसर आहेत. एक तुम्ही दोन वर्षांपूर्वी विकलेला, तो सतत पूर्ण लोडवर चालतो. दुसरा जुना, दुसऱ्या कंपनीचा, हवेची मागणी वर-खाली होते ती तो सांभाळतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण हिशेबाची रीत खऱ्या कारखान्यात हीच राहते.

आढाव्याच्या दहा दिवस आधी

कागद ऑफिसात बसून तयार होत नाही. कॉम्प्रेसर रूममध्ये जाऊन दोन्ही मशीनच्या कंट्रोलरवरून तीन आकडे उतरवा: एकूण रनिंग अवर्स, लोड अवर्स म्हणजे मशीनने प्रत्यक्ष हवा दिलेले तास, आणि डिस्चार्ज टेंपरेचर. मागच्या भेटीचे आकडे वजा केले की त्या तिमाहीचे हाती येतात. स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मीटिंगमध्ये कुणी ना कुणी "हे आकडे कुठून आणले?" असं विचारतंच, आणि तेव्हा फोटोसारखं दुसरं उत्तर नाही.

दुसऱ्या कंपनीच्या मशीनचे आकडे घ्यायला नवे लोक संकोचतात. संकोचू नका, पण मेंटेनन्स इंजिनियरला आधी विचारा. ग्राहकाला हवा हवी असते, ती कुठल्या रंगाच्या डब्यातून येते याच्याशी त्याला फार घेणं नसतं. दोन्ही मशीन एकाच तक्त्यात आली की तुम्ही त्याच्या संपूर्ण हवेबद्दल बोलू शकता. फक्त आपल्या मशीनबद्दल बोलणारा माणूस कायम विक्रेताच राहतो.

मग आपल्याच ऑफिसातून तक्रारींची यादी काढा. कॉल कधी आला, माणूस कधी पोहोचला, पार्ट कधी मिळाला, मशीन कधी सुरू झालं, असे चार रकाने पुरतात. आपली सिस्टीम बहुधा कॉल कधी बंद झाला एवढंच दाखवते. पण ग्राहकाच्या डोक्यात मशीन बंद असलेले तास पक्के बसलेले असतात. सिस्टीममध्ये "6 तासांत बंद" असं दिसणारा कॉल त्याच्या लॉगबुकात दीड दिवसाचा असू शकतो, कारण हवेतलं तेल वेगळं करणारा सेपरेटर स्टॉकला नव्हता आणि तात्पुरती सोय झाल्यावर आपण कॉल बंद करून टाकला होता. दोन्ही नोंदी आधीच ताडून घ्या. हा फरक प्लँट हेडसमोर उघडा पडला तर त्या दिवशी पुढचं काहीही बोलण्यात अर्थ उरत नाही.

गुरुवारची गळती चाचणी

आढाव्यातला सगळ्यात कामाचा आकडा सुट्टीच्या दिवशी मिळतो. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, म्हणजे हवा वापरणारी मशीन बंद आणि पाइपलाइन मात्र भरलेली. अशा वेळी फक्त जुना कॉम्प्रेसर चालू करा. लाइनचा दाब ठरलेल्या पातळीला पोहोचला की तो अनलोड होईल, गळतीमुळे दाब उतरला की पुन्हा लोड घेईल. स्टॉपवॉचने लोडचा आणि अनलोडचा वेळ मोजा. एकाच फेरीवर विसंबू नका, पाच फेऱ्यांची सरासरी घ्या.

गळतीचं प्रमाण म्हणजे लोडचा वेळ भागिले लोड आणि अनलोड मिळून झालेला वेळ. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या एनर्जी ऑडिटच्या पुस्तकांतही हीच रीत दिली आहे. आपल्या उदाहरणात सरासरी लोड 2 मिनिटं आणि अनलोड 3 मिनिटं निघाला, म्हणजे 5 पैकी 2, 40 टक्के. एका 75 किलोवॅट कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 40 टक्के हवा कारखाना बंद असतानाही कुठेतरी निसटते आहे.

ही चाचणी हमखास फसते ती दोन ठिकाणी. सुट्टीच्या दिवशी मेंटेनन्सची माणसं एअर गनने साफसफाई करत असतील तर तीही हवा गळतीत धरली जाते, म्हणून चाचणीआधी शॉपमधून एक चक्कर मारा. आणि लाइनवर हवा कोरडी करणारा हीटलेस डेसिकंट ड्रायर असेल तर तो स्वतःतला ओलावा बाहेर काढायला, म्हणजे पर्जसाठी, क्षमतेच्या साधारण 15 टक्के हवा सोडतो. ती गळती नव्हे, ते त्याचं कामच आहे. त्याला बायपास करा, नाहीतर हिशेबातून वजा करा. इथे चूक झाली की ग्राहकाच्या चार गळत्या बुजवूनही आकडा तसाच राहतो आणि दोष तुमच्यावर येतो.

मीटिंग: कुणाला बोलवायचं, सुरुवात कशाने करायची

पाऊण तास पुरतो. मेंटेनन्स मॅनेजर हवाच. प्लँट हेड निदान शेवटची पंधरा मिनिटं आले तर उत्तम. पर्चेसला दर वेळी बोलावू नका. ते खोलीत असले की प्रत्येक वाक्याला कोटेशनचा वास येऊ लागतो. महिनाअखेरचा आठवडा टाळा, त्या दिवसांत सगळा कारखाना डिस्पॅचच्या मागे असतो आणि तुमचा पाऊण तास दहा मिनिटांवर येतो.

सुरुवात तक्रारींपासून करा, आणि आपल्या चुकीपासून. "साहेब, ऑगस्टमध्ये तुमचं मशीन 31 तास बंद होतं. त्यातले 22 तास पार्टची वाट बघण्यात गेले, ती चूक आमची. तो सेपरेटर आता आमच्या भोसरीच्या स्टोअरमध्ये तुमच्या नावाने ठेवला आहे." एवढंच. मोठी माफी नको, कारणांची यादी तर नकोच. मात्र हे वाक्य बोलण्याआधी पार्ट खरोखर स्टोअरमध्ये ठेवलेला असावा. "ठेवतो आहोत" असं म्हणाल तर पुढच्या आढाव्यात तेच वाक्य परत तुमच्या अंगावर येईल.

त्यानंतर येत्या तीन महिन्यांत काय येणार आहे ते सांगा. हे मशीन तिमाहीत साधारण 1,800 तास चालतं, म्हणजे 4,000 तासांना बदलायचा सेपरेटर साडेसहा-सात महिन्यांनी येणारच. अंतराचा नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने सांगू नका. एप्रिलच्या आधीचा आढावा असेल तर कूलर साफ करायची तारीख तिथेच ठरवून टाका. एप्रिल-मेमध्ये चाकणचा पारा चढतो, कूलरमध्ये धूळ बसलेली असते, आणि डिस्चार्ज टेंपरेचर 110 अंशांच्या आसपास गेलं की बहुतेक स्क्रू कॉम्प्रेसर आपोआप ट्रिप होतात. हा ट्रिप ऐन दुपारच्या पाळीत येतो. फेब्रुवारीत 88 आणि मार्चमध्ये 95 अंश असा चढता आकडा तुमच्या तक्त्यात असेल, तर कूलर साफ करायला मशीन चार तास बंद ठेवायची परवानगी मागावी लागत नाही, मॅनेजर स्वतःच गुरुवार देतो.

आता पैशाचा आकडा, आणि नवख्यांची ठरलेली चूक

जुन्या मशीनचे तिमाहीचे 1,800 तास असे निघाले: 1,150 तास लोड, 650 तास अनलोड. म्हणजे 64 टक्के वेळ ते हवा तयार करतं, उरलेला वेळ नुसतं फिरतं. पॉवर ॲनालायझर लावून दोन्ही अवस्थांतली वीज मोजा. इथे लोडवर 80 किलोवॅट आणि अनलोडवर 25 किलोवॅट मिळाली. अनलोड म्हणजे शून्य वीज, असा समज ग्राहकाच्या ऑफिसात सर्रास असतो. प्रत्यक्षात फिक्स्ड स्पीड स्क्रू मशीन हवा न देताही पूर्ण लोडच्या पाव ते तिसरा हिस्सा वीज खात असतं.

समजा गळती निम्मी केली, 40 वरून 20 टक्क्यांवर आणली. म्हणजे जुन्या मशीनचा लोड 64 वरून 44 टक्क्यांवर येईल, तिमाहीत 360 लोड तास कमी होतील. बचत किती?

नवखा 360 ला 80 ने गुणतो: 28,800 युनिट. ग्राहकाच्या बिलावर सगळे आकार धरून युनिटला 9 रुपये पडत असतील तर 2,59,200 रुपये. आकडा छान दिसतो, पण चुकीचा आहे. ते 360 तास मशीन बंद होत नाही, अनलोडवर जातं आणि 25 किलोवॅट खातच राहतं. खरी बचत 55 किलोवॅटची: 360 गुणिले 55, म्हणजे 19,800 युनिट, 1,78,200 रुपये. दोन आकड्यांत 81,000 रुपयांचा फरक आहे. ग्राहकाच्या फायनान्सवाल्याने पुढच्या तिमाहीत बिल पाहिलं की हा फरक त्याच्या नजरेला येणारच, आणि तुमच्या पुढच्या प्रत्येक हिशेबाकडे तो संशयाने पाहील. कमी आकडा सांगा. तोही पुरेसा मोठा आहे.

गळती बुजवायचं काम बहुतेक ठिकाणी ग्राहकाची माणसंच करतात. तुम्ही अल्ट्रासॉनिक डिटेक्टर घेऊन एक गुरुवार द्या आणि प्रत्येक जागी नंबरचा टॅग लावा. क्विक कपलर, फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर म्हणजे एफआरएल, पीयू ट्यूबचं पुश फिटिंग आणि अर्धवट उघडे सोडलेले ड्रेन व्हॉल्व्ह या चार ठिकाणी बहुतेक गळती सापडते. या कामाचं बिल लावायचं की नाही हे कंपनीचं धोरण, पण पहिल्या वेळी न लावणं स्वस्त पडतं.

पुढची विक्री या क्रमाने आली तरच ती सहज वाटते

इथे मोह असा होतो: 650 तास अनलोड पाहिले की लगेच व्हीएफडी कॉम्प्रेसरचं कोटेशन काढायचं. व्हीएफडी मशीन मोटरचा वेग मागणीप्रमाणे कमी-जास्त करतं, त्यामुळे अनलोडचा खर्च जवळपास जातो. तर्क बरोबर, वेळ चूक.

गळती बुजण्याआधी या जुन्या मशीनवरची शिखर मागणी त्याच्या क्षमतेच्या 90 टक्के आहे असं धरा. त्या आकड्यावर निवड केली तर 75 किलोवॅटचं व्हीएफडी घ्यावं लागेल. सहा महिन्यांनी ग्राहकाने स्वतः गळती बुजवली की शिखर 70 टक्क्यांवर येईल, आणि त्याने गरजेपेक्षा मोठं मशीन घेतल्याचं त्याच्याच कंपनीतलं कुणीतरी दाखवून देईल. गळती आधी काढली तर 55 किलोवॅटचं पुरतं, कारण 55 म्हणजे 75 च्या 73 टक्के. तुमची ऑर्डर लहान होते हे खरं. पण अकाउंट दहा वर्षांचं आहे.

यातली जागा तशी थोडीच आहे, 70 आणि 73 मधली. म्हणून निवडीआधी प्लँट हेडना एक प्रश्न विचारावाच लागतो: "सर, पुढच्या दोन वर्षांत नवी लाइन येणार आहे का?" उत्तर हो असेल तर 55 चा विषय थांबवा. या प्रश्नाचं उत्तर मेंटेनन्स मॅनेजरकडे सहसा नसतं. प्लँट हेडना शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी बोलवायचं ते यासाठीच.

आता पुढच्या आढाव्यात गळती दुरुस्तीनंतरचे आकडे ठेवा. लोड 790 तास, अनलोड 1,010 तास. 1,010 गुणिले 25 म्हणजे 25,250 युनिट, 2,27,250 रुपये, एका तिमाहीत, हवा न देता. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि गप्प बसा. बहुतेक वेळा पुढचं वाक्य समोरून येतं: "मग याचं काय करायचं?" हे वाक्य त्यांनी म्हणावं आणि तुम्ही उत्तर द्यावं, यात आणि तुम्हीच ब्रोशर काढण्यात फार फरक आहे. ते वाक्य आलं नाही तर विषय तिथेच सोडा. आकडा तीन महिन्यांनीही तिथेच असणार आहे.

विचारलं तर हिशेब तयार ठेवा. जुन्या मशीनची सरासरी वीज आता 49 किलोवॅटच्या आसपास आहे (44 टक्के वेळ 80, 56 टक्के वेळ 25). तेवढीच हवा 55 किलोवॅटचं व्हीएफडी मशीन मॉडेलनुसार 39 च्या आसपास विजेत देईल असं धरा. हा आकडा मात्र त्या मॉडेलच्या परफॉर्मन्स शीटवरून, त्याच दाबाला घ्या. फरक 10 किलोवॅट, तिमाहीला 18,000 युनिट, वर्षाला सुमारे साडेसहा लाख रुपये. बसवण्यासकट मशीन 14 लाखांना पडत असेल तर दोन वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो, आणि बऱ्याच कंपन्यांत दोन वर्षांपलीकडचा प्रस्ताव फायनान्सकडे अडकतो. पण जुन्या मशीनचा एअर एंड, म्हणजे हवा दाबणारा मुख्य भाग, ओव्हरहॉलला आला असेल आणि त्याला साडेतीन लाख लागणार असतील, तर तो खर्च वाचतो. उरले साडेदहा लाख, म्हणजे एक वर्ष आणि वर सात-आठ महिने. म्हणून जुन्या मशीनचे एकूण रनिंग अवर्स पहिल्या दिवसापासून लिहून ठेवायचे. मोठी ऑर्डर ओव्हरहॉलच्या कोटेशनशेजारी ठेवली की मंजूर होते, एरवी नुसती पडून राहते.

एक मर्यादा उघड सांगा: जे मशीन कायम पूर्ण लोडवर चालतं, त्याच्या जागी व्हीएफडी बसवू नये. ड्राइव्हमधल्या नुकसानीमुळे पूर्ण वेगाला ते फिक्स्ड स्पीडपेक्षा थोडी जास्तच वीज घेतं. तुम्ही दोन वर्षांपूर्वी विकलेलं बेस लोडचं मशीन आहे तसंच राहू दे. आपलंच एक मशीन बदलू नका असं विक्रेत्याच्या तोंडून ऐकलं, की दुसऱ्या मशीनबद्दलचं म्हणणं लोक लक्ष देऊन ऐकतात.

वेळेचं गणित

मार्चअखेर वर्ष असलेल्या कंपन्यांत पुढच्या वर्षाच्या कॅपेक्सचे आकडे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत गोळा होतात. म्हणजे अनलोडचा आकडा ऑक्टोबरच्या आढाव्यात आणि हिशेब जानेवारीच्या आढाव्यात आला पाहिजे. एप्रिलमध्ये सुचवलेलं मशीन कितीही योग्य असलं तरी वर्षभर थांबतं. याउलट फिल्टर, सेपरेटर, एएमसी हे महसुली खर्चातून जातं, त्याला कधीही हात घालता येतो.

खंडेनवमीला बोलावणं आलं तर नक्की जा. कंप्रेसर रूममध्ये मशीनला हार घातलेला असतो, पेढे मिळतात. त्या दिवशी कामाचं बोलू नका.

मीटिंगनंतर

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक पानी मेल गेला पाहिजे: ठरलेलं काम, कुणी करायचं, कोणत्या तारखेला. चार-पाच ओळी, त्याहून जास्त नकोत. ग्राहकाच्या वाट्याची कामंही त्यात नावानिशी लिहा. टॅग 14 ते 22 च्या गळत्या मेंटेनन्सने 15 तारखेपर्यंत बुजवायच्या असतील तर तसं स्पष्ट लिहा, पण मेल प्लँट हेडना सीसी करण्याआधी मेंटेनन्स मॅनेजरला फोन करून "असं लिहितो आहे, चालेल ना?" एवढं विचारा. त्याच्या साहेबांसमोर त्याला अडचणीत टाकणारा मेल एकदा गेला की पुढच्या वेळी तुम्हाला कॉम्प्रेसर रूमची किल्ली मिळायला अर्धा तास लागतो.

नवं मशीन बसलं तर पहिल्या आढाव्यात त्याचंही मोजमाप ठेवा, तुम्ही सांगितलेल्या 39 किलोवॅटच्या शेजारी. 42 आले असतील तर 42 लिहा आणि कारण शोधून जा. बहुतेक वेळा कुणीतरी सेट प्रेशर 7 वरून 8 बारवर नेऊन ठेवलेलं असतं (एक बार वाढला की वीज साधारण 6 ते 7 टक्क्यांनी वाढते), किंवा त्याच जुन्या कपलरमधून हवा पुन्हा सुटायला लागलेली असते. गळती एकदा बुजवून संपत नाही, सहा महिन्यांत परत उगवते. म्हणून गुरुवारची चाचणी दर दुसऱ्या आढाव्याआधी पुन्हा लावा.